140 जणांच्या ऑनलाइन वर्गात गप्प मुलं बोलती कशी करायची

प्रश्न: मुंबईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी कॉमर्सला अकाउंट्स शिकवते. जादा तास झूमवर घेते, 140 मुलं असतात. तेच पाच-सहा जण बोलतात, बाकी सगळे चिडीचूप. पोल, हात वर करणं, इमोजी, सगळं करून पाहिलं. लाजणारी मुलं भाग घेतील असं काय करू?

उत्तर:

पोल, हात आणि इमोजी ही तिन्ही बटणं तुम्ही एकाच कामाला लावताय असं वाटतं. मुलांच्या नजरेतून पाहिलं तर ती तीन अगदी वेगळी बटणं आहेत. बटण दाबायच्या आधी मुलगा एकच हिशोब करतो: हे कोणाकोणाला दिसणार? निनावी पोलमधलं उत्तर कोणाचं आहे ते कोणालाच कळत नाही. शिक्षकांना खासगीत लिहिलेला संदेश फक्त तुम्हाला दिसतो. अंगठा किंवा टाळ्यांचा इमोजी सगळ्यांना दिसतो, पण क्षणभरच. वर केलेला हात मात्र नावासकट यादीत सगळ्यात वर जाऊन बसतो आणि खाली घेईपर्यंत तिथेच राहतो. म्हणजे लाजणाऱ्या मुलाला सगळ्यात अवघड बटण हाताचं, आणि बहुतेक तासांत आपण सुरुवातच तिथून करतो.

त्यातून ही मुंबई. पुष्कळ मुलं एका खोलीच्या घरातून बसलेली असतात. मागे कुकरच्या शिट्ट्या, शेजारी धाकटी भावंडं, समोर टीव्ही. त्यांना उत्तर येत नसतं असं नाही, माइक उघडायची सोय नसते. काही जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेले असतात आणि ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द चारचौघांत उच्चारायची त्यांना धास्ती असते. काही लोकलमधून ऐकत असतात. या तिघांना ‘लाजाळू’ हा एकच शब्द लावला तर उपाय चुकतो. बोट मात्र तिघांचंही हलू शकतं. म्हणून पहिलं काम बोटाचं ठेवायचं. आवाज शेवटी.

आता पोल. ‘समजलं का? हो / नाही’ असा पोल कृपा करून घेऊ नका. निनावी असला तरी ‘नाही’ दाबणं म्हणजे कबुलीजबाब वाटतो, आणि ज्याला चुकीचं समजलंय तो मनापासून ‘हो’च दाबतो. पोलमध्ये प्रत्यक्ष गणित हवं, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक चुकीतून आलेला हवा. घसाऱ्याचंच उदाहरण घेऊ:

1 ऑक्टोबर 2023 रोजी 1,00,000 रुपयांचं यंत्र घेतलं. घसारा दरसाल 10 टक्के, डब्ल्यूडीव्ही पद्धतीने. पुस्तकं दरवर्षी 31 मार्चला बंद होतात. 2024-25 या वर्षाचा घसारा किती?

पर्याय: 10,000, 9,500, 9,000 आणि 4,750.

पहिलं वर्ष सहा महिन्यांचंच, म्हणून घसारा 5,000. शिल्लक 95,000, तिच्यावर 10 टक्के म्हणजे 9,500. ज्याने 10,000 निवडलं तो मूळ किमतीवरच हिशोब करतोय, पद्धतच चुकली. ज्याने 9,000 निवडलं त्याने पद्धत बरोबर धरली, पण पहिल्या वर्षाचे सहा महिने विसरला आणि पूर्ण 10,000 वजा केले. ज्याने 4,750 निवडलं त्याने सहा महिने लक्षात ठेवले, पण दुसऱ्या वर्षीही लावले. असे पर्याय असले की आकडे आल्याबरोबर पुढे काय शिकवायचं ते कळतं. चौथा पर्याय उगाच भरतीला टाकू नका. दुसऱ्या चुकीपुढे सुचत नसेल तर तीनच द्या.

पोल सुरू करण्याआधी प्रश्न मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा. बहुतेक मुलं फोनवर असतात, आणि फोनवर पोलची चौकट आली की तुमची स्लाइड तिच्यामागे झाकली जाते. आकडे दिसत नाहीत, मग मुलगा अंदाजाने काहीतरी दाबून मोकळा होतो आणि तुम्हाला वाटतं की त्याला येत नाही. प्रश्न एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत वाचा, उतरवायला मिनिटभर द्या, मग पोल उघडा. पोलमधला मजकूर अगदी छोटा ठेवा: ‘2024-25 चा घसारा / डेप्रिसिएशन?’ आणि चार आकडे.

किती वेळ द्यायचा? वर्गात प्रश्न विचारून शिक्षक किती थांबतात याचा अभ्यास मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात केला होता. सर्वसाधारण थांबणं जेमतेम एक सेकंदाचं निघालं, आणि ते तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर एरवी गप्प राहणारी मुलंही जास्त बोलू लागली. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायलाच उशीर होतो, त्यात गणित सोडवायचंय, त्यामुळे अशा प्रश्नाला मी दोन ते तीन मिनिटं धरतो. मात्र घड्याळापेक्षा मतांच्या आकड्याकडे बघणं बरं. आधी आकडा भराभर चढतो, मग रेंगाळतो. दहा-पंधरा सेकंदांत एकही नवं मत आलं नाही की बंद करा. 140 पैकी 140 मतं कधीच येत नाहीत. कोणाचं नेट गेलेलं असतं, कोणी झूम मागे ठेवून व्हॉट्सॲप उघडलेलं असतं. ‘अजून बावीस जण राहिलेत, कोण आहेत ते?’ असं दरडावलं की पुढच्या पोलला ते बावीस जण डोळे मिटून पहिला पर्याय दाबतात. मग आकडा वाढतो आणि त्याचा अर्थ जातो.

आणि या दोन-तीन मिनिटांत तुम्ही बोलू नका. हे सगळ्यात जड जातं.

समजा 118 मतं आली. 9,500 ला 52, 9,000 ला 41, 10,000 ला 18 आणि 4,750 ला 7. म्हणजे बरोबर उत्तर 44 टक्क्यांचं. इथे निकाल दाखवायचा मोह आवरा. पहिल्या मतदानानंतर निकाल पडद्यावर आला की मुलं विचार थांबवतात आणि उंच पट्टीच्या मागे जातात.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मतदान, मग आपसात चर्चा, मग पुन्हा मतदान अशी पद्धत बसवली. तिच्यातला ठोकताळा इथेही चालतो. बरोबर उत्तरं साधारण 30 टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेचा उपयोग नाही, कारण समजावून सांगणारंच कोणी नाही. मुद्दा पुन्हा शिकवा. 70 च्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. मधे असतील तर चर्चेत खरा रस आहे. आपले 44 टक्के मधे पडतात.

पण चर्चा कशी घडवायची? छोटे गट करून वेगवेगळ्या खोल्यांत पाठवणं कागदावर छान दिसतं. 140 मुलांचे 35 गट होतात, फोनवरच्या मुलांना आत-बाहेर जायला वेळ लागतो, चार-पाच जण मधेच गळतात, आणि गटातही एकच जण बोलतो. एका गणितासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. त्यापेक्षा चॅट वापरा.

तास सुरू होण्याआधी संगणकावर चॅटच्या चौकटीतल्या तीन टिंबांवर जाऊन Participants can chat with च्या खाली Host and co-hosts निवडून ठेवा. म्हणजे मुलांचं लिहिलेलं फक्त तुम्हाला आणि सह-यजमानाला दिसेल. पहिला पोल बंद झाल्यावर सांगा: ‘तुम्ही जो आकडा निवडला तो का, एका ओळीत लिहा. मराठीत, इंग्रजीत, मोबाइलवरच्या रोमन मराठीत, कसंही चालेल. फक्त मला दिसणार आहे, आणि मी नाव न घेता वाचेन.’ दोन मिनिटं द्या. 118 पैकी 30-40 ओळी आल्या तरी भरपूर झालं. त्यातल्या तीन निवडा: एक 9,000 वाल्याची, एक 10,000 वाल्याची, एक 9,500 वाल्याची. बरोबर ओळ शेवटी वाचायची असा नियम करू नका, मुलं दुसऱ्याच दिवशी तो ओळखतात.

‘एकाने लिहिलंय: पहिल्या वर्षी 10,000 गेले, राहिले 90,000, त्याचे दहा टक्के 9,000. यातलं काय बरोबर आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा. त्या 41 जणांनी पद्धत बरोबर धरली होती, फक्त तारीख पाहिली नाही. हे तोंडाने म्हणा. एवढं झालं की दुसरा पोल उघडा.

हा दुसरा पोल म्हणजे तोच प्रश्न, पण आधीच वेगळा तयार करून ठेवलेला. जुनाच पुन्हा चालवायच्या भानगडीत पडू नका; दोन वेगळे असले की दोन्ही वेळचे आकडे हाताशी राहतात. दुसऱ्यांदा बरोबर उत्तर 70 च्या वर गेलं की दोन्ही निकाल मुलांना सांगा. ‘पहिल्यांदा 41 जणांनी 9,000 म्हटलं होतं’ हे वाक्य लाजणाऱ्या मुलाला फार मोठा आधार असतं. चूक आपली एकट्याची आहे असं त्याला वाटत असतं, आणि ते तसं नाही हे त्याला फक्त या आकड्यातून कळतं. प्रत्यक्ष वर्गात ते कधी कळत नाही, कारण तिथे चुकणारे सगळे गप्प असतात.

एवढ्याला सात ते नऊ मिनिटं जातात. 48 मिनिटांच्या तासात असा पूर्ण फेरा एकदाच, फार तर दोनदा. शिवाय एखादा झटपट पोल. त्याहून जास्त केलं की बोटं यांत्रिक होतात.

निनावीपणाबद्दल एक स्पष्ट बोलतो. पोल तयार करताना निनावी उत्तरांची खूण केली नसेल तर नंतरच्या अहवालात कोणी काय उत्तर दिलं ते तुम्हाला दिसू शकतं. तेव्हा खूण केली असेल तरच ‘निनावी’ म्हणा. नावासकट पोल हवाच असेल तर तसं आधी सांगून घ्या आणि तो वेगळा ठेवा. हजेरी किंवा अंतर्गत गुण या पोलला जोडू नका. गुण जोडले की मुलं उत्तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारून मग दाबतात, आणि 44 टक्क्यांच्या जागी तुम्हाला थेट 95 दिसतात. आकडा संशयास्पदरीत्या छान आला, तोही अर्ध्या मिनिटात, की हेच घडतंय असं समजा.

आता इमोजीकडे. टाळ्या, हृदय, अंगठा हे झूमवर दहा सेकंदांत आपोआप जातात. पडद्यावर एका वेळी 25 किंवा फार तर 49 चौकटी दिसतात, म्हणजे 140 मुलांची तीन ते सहा पानं. तुम्ही दुसऱ्या पानावर जाईपर्यंत पहिल्यावरचे अंगठे विरलेले असतात. म्हणून ‘समजलं तर अंगठा दाखवा’ यातून मोजण्यासारखं काही हाती लागत नाही. त्याच बटणाखाली हो, नाही, हळू आणि जलद अशा वेगळ्या खुणा असतात. त्या नावापुढे टिकून राहतात, स्वतः काढेपर्यंत किंवा तुम्ही पुसेपर्यंत. दिसत नसतील तर झूमच्या वेबसाइटवरच्या सेटिंगमध्ये Non-verbal feedback सुरू करा. यातली ‘हळू’ ही खूण सगळ्यात कामाची आहे, कारण ‘मला समजलं नाही’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही हळू बोला’ म्हणणं कमीपणाचं वाटत नाही. मात्र तीही सगळ्यांना दिसते. म्हणून तासाच्या सुरुवातीलाच ठरवा: तीन ‘हळू’ दिसले की मागची पायरी पुन्हा लिहिणार, कोणी लावले ते विचारणार नाही. आणि खरंच विचारू नका. पहिल्या आठवड्यात मुलं तुमची परीक्षा घेतात.

हाताचं बटण मुलांना भीतीचं वाटतं कारण तो एकट्याने उचलायचा असतो. मग तो सगळ्यांनी उचलायचा करा. ‘31 मार्च 2024 ची शिल्लक काढून झाली की हात वर करा.’ इथे हाताचा अर्थ ‘मला बोलायचंय’ नसून ‘माझं लिहून झालं’ इतकाच. यादीत हात ज्या क्रमाने आले त्या क्रमाने वर सरकतात, त्यामुळे किती जणांचं झालं ते एका नजरेत दिसतं. साधारण तीन-चतुर्थांश हात आले की सगळे एकदम खाली घ्या आणि पुढे चला. कोणालाही बोलायला सांगू नका. संगणकावरच्या मुलांना Alt+Y सांगून ठेवा, फोनवर बसलेल्यांना बटण कुठे आहे ते एकदा पडदा दाखवून सांगा. कोणी साध्या फोन कॉलने जोडलं असेल तर त्याला *9 दाबून हात वर करता येतो, पण पोल त्याला दिसणारच नाही. त्याच्यासाठी पर्याय मोठ्याने वाचा म्हणजे तो निदान वहीत उत्तर लिहील.

दोन-तीन तास असे गेले की हात उचलणं अंगवळणी पडतं. मग खरे, बोलण्याचे हात घ्या, पण पहिल्या हाताला बोलू देऊ नका. आधीच सांगा, ‘आठ हात येईपर्यंत मी थांबणार, आणि त्यातला कुठलाही घेईन.’ तुमचे ते पाच-सहा जण दोन सेकंदांत हात वर करतात आणि बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. आठची अट घातली की त्या पाचांना इतर तिघांची वाट पाहावी लागते. थोडी कुरकुर होईल. आठ आलेच नाहीत तर प्रश्न कठीण गेला असं समजून पुन्हा चॅटवर या, हातांसाठी याचना करू नका.

चॅटपासून माइकपर्यंतचा पूल मात्र तुम्हालाच बांधावा लागतो. ज्या मुलीने खासगीत नेमकी ओळ लिहिली तिला तिथेच उत्तर द्या: ‘छान लिहिलंयस. तू वाचतेस की मी वाचू?’ ती ‘मॅडम तुम्हीच वाचा’ म्हणाली तर तुम्ही वाचा, विषय संपला. ‘वाचते’ म्हणाली तर माइक उघडण्याची विनंती पाठवा आणि दहा सेकंद शांत राहा. विनंती तिच्या पडद्यावर पोचून तिने ती स्वीकारायला तेवढा वेळ लागतोच. तिच्या हातात तिचंच लिहिलेलं वाक्य असतं, त्यामुळे काय बोलू हा प्रश्न उरत नाही. न विचारता नाव पुकारलंत तर ती पुढच्या वेळी चॅटमध्येही लिहिणार नाही. खासगी संदेशाचं उत्तर देताना कोणाला पाठवतोय ते नाव दोनदा बघा. तुमचा संदेश चुकून सगळ्यांना गेला तर महिन्याभराची मेहनत वाया जाते.

यासाठी एक जास्तीचा माणूस असेल तर फार बरं. सहकाऱ्याला सह-यजमान करा. तो चॅट वाचून तीन ओळी निवडेल आणि तुम्ही फळ्याकडे लक्ष देऊ शकाल. एकट्याने करायचं असेल तर चॅट फक्त ठरलेल्या दोन मिनिटांतच वाचा, आणि तसं मुलांना सांगून टाका.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. वर्ग 30-35 जणांचा असेल तर एवढी यंत्रणा नको, सरळ चॅट आणि हात पुरेत. कॉलेज गूगल मीटवर असेल तर पोलची सोय तुमच्या खात्याला आहे का ते आधी पाहा, कारण ती मोफत खात्यात नसते आणि शिक्षणसंस्थांच्याही सगळ्या प्लॅनमध्ये नसते. नसेल तर ईमेल न घेणारा, एकाच प्रश्नाचा गूगल फॉर्म करून दुवा चॅटमध्ये टाका. मुलं दुवा उघडायला बाहेर जातात, म्हणून मिनिटभर जास्त धरा. मीटमधलं चॅट सगळ्यांना दिसतं, त्यामुळे ‘का’ची ओळही त्याच फॉर्ममध्ये दुसरा प्रश्न म्हणून घ्या.

आणखी एक अगदी बारीक गोष्ट, पण हिच्यावर बरंच अडतं. यादीतली नावं. फोन बाबांचा असतो, म्हणून मुलगी ‘Papa’ किंवा नुसत्या फोनच्या मॉडेलच्या नावाने येते. तिला हात वर करायचीच लाज वाटते, आणि तुम्हालाही कोण ते कळत नाही. सेटिंगमध्ये नाव बदलायची परवानगी ठेवा आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना ‘047 Sayali’ अशा धर्तीवर, तीन अंकी रोल नंबर आणि फक्त पहिलं नाव, असं बदलायला लावा. आडनाव नको.

रोल नंबर असले की फरक पडतोय का तेही मोजता येतं. तास संपवण्याआधी चॅट जतन करा आणि ‘का’च्या ओळी किती वेगवेगळ्या रोल नंबरांकडून आल्या तेवढंच एका वहीत टिपा. एकूण संदेश मोजू नका, तिथेही ते पाच-सहा जण दहा-दहा ओळी लिहितात. दर तासाला पाच-सात नवे नंबर येत असतील तर गाडी रुळावर आहे. चार तासांत नवा नंबर आलाच नाही तर बहुधा प्रश्न फार सोपे किंवा फार कठीण पडताहेत, पहिल्या मतदानाचे टक्के काढून बघा. आणि टक्के 30 ते 70 च्या मधे असूनही ओळी येत नसतील तर चॅटची ती सेटिंग तपासा. ती ‘Everyone’ वर राहिलेली असते.